पाहुण्यांचा परिचय: कच्चा मसुदा तपासायचा कसा

सप्टेंबर लागला की मराठवाड्यात कार्यक्रमांची दाटी सुरू होते. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन, पाठोपाठ महाविद्यालयांतले उद्घाटन समारंभ, दिवाळीनंतर तालुक्या-तालुक्यांतल्या वाचनालयांच्या व्याख्यानमाला. प्रत्येक कार्यक्रमात एक काम हमखास नव्या मुला-मुलीच्या वाट्याला येतं: प्रमुख पाहुण्यांचा परिचय. मसुदा आदल्या रात्री लिहिला जातो, सकाळी कुणीतरी वडीलधारा तो तपासतो, र्‍हस्व-दीर्घ नीट करतो आणि 'छान झालंय, म्हणून टाक' असं सांगतो. शुद्धलेखन तपासून झालं, पण परिचय तपासलाच गेला नाही. हा लेख त्या राहिलेल्या तपासणीबद्दल आहे.

परिचयाचं काम नेमकं काय, हे ठरल्याशिवाय त्यातले दोष दिसत नाहीत. समोर बसलेल्या माणसाला तीन गोष्टी कळायला हव्यात. याच विषयावर याच पाहुण्यांना का बोलावलं, त्यांनी या विषयात प्रत्यक्ष काय केलंय, आणि आज ते ऐकून आपल्या पदरात काय पडणार. पाहुण्यांचा मोठेपणा सिद्ध करणं हे परिचयाचं काम नाही. माणूस मोठा आहे म्हणून तर तो व्यासपीठावर बसलाय.

मी इथे एकच मसुदा घेऊन तो शेवटपर्यंत तपासून दाखवणार आहे. प्रसंग कल्पित आहे, पण असाच मसुदा तुम्ही ऐकला असेल. अंबाजोगाईच्या बाजूच्या एका मोठ्या गावातलं वाचनालय, त्याची वार्षिक व्याख्यानमाला. पाहुण्या भूजलाच्या अभ्यासक, सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या. विषय 'आपल्या विहिरीचं पाणी येतं कुठून'. समोर शेतकरी, बचत गटाच्या बाया, शाळेची मोठी मुलं. परिचय करून देणारी मुलगी बी.ए.च्या दुसर्‍या वर्षाला. तिने लिहून आणलेला मसुदा असा:

'आदरणीय व्यासपीठ आणि जमलेल्या रसिक श्रोतेहो, आज आपल्याला लाभलेल्या प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देणं म्हणजे सूर्याला दिवा दाखवण्यासारखं आहे. मॅडम म्हणजे एक बहुआयामी व्यक्तिमत्त्व. त्यांचा जन्म एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत त्यांनी आपलं शिक्षण पूर्ण केलं. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर त्या शासकीय सेवेत रुजू झाल्या. विविध पदांवर काम करताना त्यांनी पाण्याच्या क्षेत्रात अतुलनीय योगदान दिलं. संसार सांभाळून त्यांनी केलेलं हे कार्य सर्व महिलांसाठी प्रेरणादायी आहे. त्यांना अनेक पुरस्कारांनी सन्मानित करण्यात आलं आहे. त्यांनी विपुल लेखनही केलं आहे. स्वभावाने मनमिळाऊ आणि निगर्वी असलेल्या मॅडम म्हणजे ज्ञानाचा अथांग सागर. त्यांच्याबद्दल बोलायला शब्द अपुरे पडतात. पण वेळेअभावी मी इथेच थांबते. आपण सर्वजण त्यांचे विचार ऐकायला आतुर झाला आहात, त्यामुळे आपला अधिक वेळ न घेता मी मॅडमना विनंती करते की त्यांनी आपले अमूल्य विचार मांडावेत. धन्यवाद. जय हिंद, जय महाराष्ट्र.'

यात एकही वाक्य खोटं नाही आणि व्याकरणही ठीक आहे. म्हणूनच हा मसुदा सहज पास होतो.

पहिली पायरी: कार्यक्रमपत्रिका मागवा

मसुद्याला हात लावण्याआधी कार्यक्रमाचा क्रम विचारून घ्या. परिचयाच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे, यावर सुरुवात आणि शेवट दोन्ही ठरतात. आमच्याकडचा नेहमीचा क्रम म्हणजे दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग सत्कार आणि त्यानंतर व्याख्यान. म्हणजे परिचय संपल्यावर पाहुण्या बोलायला उठतच नाहीत. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो, मग अध्यक्षांचा सत्कार, संस्थेच्या पदाधिकार्‍यांचा सत्कार, आणि पंधरा-वीस मिनिटांनी व्याख्यान. वरच्या मसुद्यातली 'त्यांनी आपले विचार मांडावेत' ही विनंती या क्रमात चुकीच्या जागी पडते. मुलगी विनंती करून खाली उतरते, पाहुण्या अर्धवट उठतात आणि सूत्रसंचालक घाईघाईने म्हणतो, 'थांबा, आधी सत्कार.'

शक्य असेल तर आयोजकांना सांगून सत्कार आधी उरकून घ्या आणि परिचय व्याख्यानाच्या अगदी आधी ठेवा. वाचनालयाचे चिटणीस सहसा ऐकतात, कारण यात त्यांचं काही जात नाही. क्रम बदलता येत नसेल, तर परिचयाचा शेवट सत्काराला जोडून करायचा. पण ते आधी ठाऊक हवं.

प्रास्ताविक कोण करणार आहे, हेही विचारा. प्रास्ताविक करणारे गुरुजी पाहुण्यांच्या जुन्या ओळखीचे असतील तर निम्मा परिचय तेच देऊन टाकतील. त्यांना एक फोन करून 'गुरुजी, तुम्ही मॅडमबद्दल काय बोलणार आहात?' एवढं विचारलं की दोघांचं तेच ते होत नाही.

दुसरी पायरी: घड्याळ लावून मोठ्याने वाचा

मसुदा डोळ्यांनी तपासू नका. लिहिणार्‍या मुलीला उभं करून तिच्याकडून वाचून घ्या आणि तुम्ही कागद न बघता ऐका. माइकवर सावकाश, ऐकू जाईल असं बोललं तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. दोन मिनिटांचा परिचय म्हणजे दोनशे ते अडीचशे शब्द, आणि एका व्याख्यानाला तेवढा पुरतो. वरचा मसुदा त्याहून लहान आहे, म्हणजे लांबी हा त्याचा दोष नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण तपासणारा बहुतेक वेळा 'थोडं कमी कर' एवढंच सांगतो, आणि मग मुलगी कामाची वाक्यं कापते आणि सागर-सूर्य तसेच ठेवते.

ऐकून झाल्यावर कागद बाजूला ठेवून लिहिणारीला विचारा, 'मॅडमनी काय काम केलं?' तिला स्वतःच्याच मसुद्यावरून हे सांगता आलं नाही, तर श्रोत्यांना तरी कसं कळणार? आमच्या नमुन्यातल्या मुलीचं उत्तर येईल, 'पाण्यात काम केलंय, सर.' बाराएक वाक्यांतून हातात आलं ते एवढंच.

तिसरी पायरी: नाव झाकून वाचा

मोघम स्तुती पकडायची सगळ्यात भरवशाची पद्धत ही. प्रत्येक वाक्य पाहुण्यांचं नाव झाकून वाचायचं आणि विचारायचं की हे आणखी किती जणांबद्दल म्हणता येईल.

आपल्या भागातली ओळखीची नावं घेऊन बघू. 'मराठवाड्याचं भूषण, थोर विचारवंत, निःस्वार्थ नेतृत्व.' हे वाक्य स्वामी रामानंद तीर्थांना लागू पडतं, गोविंदभाई श्रॉफांना लागू पडतं आणि अनंत भालेरावांनाही लागू पडतं. तिघांबद्दल ते खरं आहे, आणि म्हणूनच तिघांतल्या एकाचीही ओळख त्यातून होत नाही. आता स्वामीजींबद्दल म्हणा की हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी शिकवलं आणि पुढे निजामाच्या राजवटीविरुद्ध हैदराबाद स्टेट काँग्रेसचं नेतृत्व केलं. भालेरावांबद्दल म्हणा की त्यांनी 'मराठवाडा' दैनिकाचं संपादन केलं. ही वाक्यं एकमेकांच्या नावावर चिकटवता येत नाहीत. शिवाय यांत एकही विशेषण नाही, तरीही आदर कमी झालेला नाही. उलट वाढलाच आहे.

आता आपला मसुदा घ्या. लाल पेनने प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करायची: कुणालाही लागू पडत असेल तर फुली, फक्त याच पाहुण्यांना लागू पडत असेल तर बरोबरची खूण. 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' फुली. 'सामान्य शेतकरी कुटुंबात जन्म' फुली, कारण समोर बसलेला निम्मा गाव शेतकरी कुटुंबातच जन्मलाय. 'प्रतिकूल परिस्थिती' फुली. 'विविध पदं', 'अतुलनीय योगदान', 'अनेक पुरस्कार', 'विपुल लेखन', सगळ्यांना फुली. बरोबरची खूण मिळते फक्त 'भूगर्भशास्त्रात एम.एस्सी.' याला, आणि तीही अर्धीच.

ज्या वाक्यांत 'विविध', 'अनेक', 'विपुल', 'अतुलनीय', 'मोलाचं' हे शब्द येतात तिथे पेन आपोआप थांबली पाहिजे. हे शब्द बहुतेक वेळा माहिती नसल्याची जागा भरून काढायला येतात. 'अनेक पुरस्कार' लिहिणारीला पुरस्कार कोणते ते माहीत नसतात. तिला दोष देऊन उपयोग नाही; तिला कुणी माहितीच दिलेली नाही. पाहुण्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला बायोडाटा तिच्यापर्यंत पोचलाय आणि त्यातूनच तिने हे उभं केलंय. त्यामुळे फुली मारून मसुदा परत दिला तर ती एक मोघम शब्द काढून दुसरा घालणार. 'अतुलनीय' जाऊन 'उल्लेखनीय' येणार. फुलीनंतरची पायरी म्हणूनच फोनची आहे.

चौथी पायरी: पाहुण्यांना फोन करा आणि 'म्हणजे काय केलं' ते विचारा

फोन लिहिणारीनेच करावा, तपासणार्‍याने नाही. वेळ आधी विचारून घ्यावी, संध्याकाळची असली तर बरं. पाहुणे मोठे असले तरी परिचयासाठी कुणी नीट विचारलं की ते आनंदाने बोलतात. स्वतःच्या मोठेपणाबद्दल त्यांना बोलता येत नाही, पण कामाबद्दल मात्र भरभरून बोलतात. प्रश्न त्या बेताने विचारावेत. 'तुमचं योगदान सांगा' असं विचारलं तर काहीच मिळणार नाही.

नमुन्यातलं बोलणं साधारण असं होईल.

'मॅडम, तुमच्या पाण्याच्या कामाबद्दल थोडं सांगता का?'

'अगं, काम म्हणजे विहिरी मोजणं. टेप घेऊन गावोगाव फिरायचं.'

'किती वेळा मोजायचं, मॅडम?'

'वर्षातून चार वेळा. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. तीच विहीर, दरवर्षी. म्हणजे कळतं ना, पावसाने किती भरली आणि उन्हाळ्यात किती उतरली.'

'आणि आता निवृत्तीनंतर?'

'आता शाळेतल्या पोरांना शिकवते. तुमच्याच तालुक्यातल्या दोन गावांत पोरं वही ठेवतात विहिरीची.'

बघा, तीन उत्तरांत परिचय उभा राहिला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभर ठरावीक निरीक्षण विहिरींची पाणीपातळी अशी वर्षातून चार वेळा मोजते. गावातल्या माणसाने ही यंत्रणा फार तर सरकारी पाटीवर वाचलेली असते. 'टेप घेऊन विहिरी मोजायच्या' म्हटलं की त्याला चित्र दिसतं, आणि 'तुमच्याच तालुक्यातल्या दोन गावांत' म्हटलं की तो सरसावून बसतो.

फोनवर आणखी चार-पाच गोष्टी पक्क्या करून घ्यायच्या. नाव पूर्ण कसं घ्यायचं, आडनावाचा उच्चार, 'डॉ.' लावायचं की नाही, पदाआधी 'माजी' हवं की नाही, आणि व्याख्यानाचा विषय त्यांच्या शब्दांत. शेवटी एक प्रश्न नक्की विचारावा: 'परिचयात काय नको?' कुणाला घरचं दुःख सांगितलेलं आवडत नाही, कुणाला जातीचा किंवा गरिबीचा उल्लेख नको असतो. 'प्रतिकूल परिस्थिती' हे वाक्य पाहुण्यांना न विचारता घातलं जातं आणि व्यासपीठावर त्यांना मान खाली घालून ऐकावं लागतं.

इथे 'संसार सांभाळून' या शब्दांबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. ते काढा, प्रत्येक मसुद्यातून काढा. पुरुष पाहुण्यांच्या परिचयात हे शब्द आल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. शास्त्रज्ञ बाईंच्या कामाला स्वयंपाकघराची जोड दिली की कौतुक होत नाही, कामाचं वजन कमी होतं. समोर शाळेच्या मुली बसलेल्या असतात, त्यांच्या कानावर काय पडतंय याचा विचार केला तर हा शब्दप्रयोग आपोआप गळून पडेल.

पाचवी पायरी: ठोकळेबाज वाक्यं वेगळी काढा

मोघम स्तुती आणि ठोकळेबाज वाक्यं यांत फरक आहे आणि त्यांचे उपायही वेगळे. मोघम स्तुतीमागे खरी गोष्ट दडलेली असते, ती शोधून भरायची. ठोकळेबाज वाक्यामागे बहुधा काहीच नसतं, ते सरळ काढायचं. 'सूर्याला दिवा दाखवणं', 'ज्ञानाचा अथांग सागर', 'शब्द अपुरे पडतात', 'दुग्धशर्करा योग', 'आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळात वेळ काढून', 'परिचयाची आवश्यकताच नाही', ही सगळी त्यातली.

ओळखायचं कसं? वाक्याचा पहिला अर्धा भाग म्हणा आणि शेजारच्याला पूर्ण करायला सांगा. 'यांचा परिचय करून देणं म्हणजे...' एवढं म्हटलं की अख्खा वर्ग 'सूर्याला दिवा' म्हणेल. श्रोत्याला जे आधीच पाठ आहे ते तो ऐकत नाही. त्या वेळात तो मोबाइल बघतो, किंवा शेजारच्याला 'चहा झाला का' विचारतो. एकदा लक्ष गेलं की नंतरचं चांगलं वाक्यही वाया जातं. ठोकळा सुरुवातीला असेल तर नुकसान जास्त, ते याचमुळे.

'परिचयाची आवश्यकताच नाही' हे तर जास्तच घातक. आवश्यकता नसेल तर तुम्ही उभ्या का राहिलात, असं श्रोत्याच्या मनात येतं. आणि गावात खरोखर अनेकांना पाहुणे माहीत नसतात. त्यांना आपण अडाणी आहोत असं उगीच वाटतं.

पण सगळंच ठरलेलं वाईट नसतं. 'नमस्कार', 'आदरणीय', 'सर्वांचं स्वागत' हे रीतीचे शब्द आहेत. आपल्याकडे व्यासपीठावरच्या वडीलधार्‍यांचं नाव न घेता थेट विषयाला हात घातला तर उद्धटपणा वाटतो, आणि तसं वाटू देऊही नये. रीत पाळायची, पण एका वाक्यात. सूत्रसंचालकाने सगळ्यांची नावं घेऊन झाली असतील तर परिचय देणार्‍याने अध्यक्षांना एक नमस्कार करून पुढे जावं. व्यासपीठावरच्या सात जणांची नावं पुन्हा घेण्यात पाऊण मिनिट जातं, आणि त्यात एखादं राहिलं तर वर्षभराची नाराजी.

स्वभावाची विशेषणंही याच पेटीत येतात. 'मनमिळाऊ', 'निगर्वी', 'हसतमुख'. एखादी घटना माहीत असेल तर ती सांगा आणि विशेषण श्रोत्यावर सोडा. नसेल तर स्वभावाचा विषयच नको.

सहावी पायरी: शेवट

माझ्या मते मसुद्यातला सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या तीन वाक्यांवर घालवायला हवा, आणि नेमके तेच कुणी तपासत नाही. नमुन्यातला शेवट पुन्हा वाचा. 'वेळेअभावी मी इथेच थांबते' म्हणजे सांगायचं होतं पण राहिलं. 'आपण आतुर झाला आहात' हे श्रोत्यांच्या वतीने परस्पर ठरवलं. 'आपला अधिक वेळ न घेता' म्हणजे आतापर्यंतचा वेळ वाया गेला याची कबुली. मग विनंती, मग धन्यवाद, मग घोषणा. परिचय चार वेळा संपला आणि तरी पाहुण्यांचं नाव आलंच नाही. टाळ्या कशावर वाजवायच्या ते श्रोत्यांना कळत नाही. काही जण 'जय महाराष्ट्र'वर वाजवतात, काही पाहुण्या उठल्यावर.

शेवटात दोनच गोष्टी हव्यात: आजचा विषय आणि पूर्ण नाव, याच क्रमाने. नाव अगदी शेवटचा शब्द. त्यानंतर काही नाही, अगदी धन्यवादही नाही. नाव घेतल्यावर आवाज खाली न आणता थांबायचं, पाहुण्यांकडे बघायचं आणि टाळ्या सुरू करायच्या. मुलांना हे अवघड जातं, कारण 'धन्यवाद' म्हटल्याशिवाय उतरणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. त्यांना सांगायचं की धन्यवाद द्यायला आभारप्रदर्शन आहे, आणि ते करणारा माणूस वेगळा आहे.

विषय सांगताना व्याख्यानातला माल उघडा करायचा नाही. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, स्वतः पाणी शोषत नाही, त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत पाणी साठतं, म्हणून शेजारी-शेजारी विहिरींत फरक पडतो. हे फोनवर मॅडमनी सांगितलं असलं तरी परिचयात घालू नये. ते त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे. परिचयात फक्त प्रश्न ठेवायचा.

आणि पहिल्या पायरीत पाहिल्याप्रमाणे, परिचयानंतर लगेच सत्कार असेल तर शेवटचं वाक्य बदलतं: 'अशा … यांचा सत्कार वाचनालयाच्या अध्यक्षांनी करावा, ही विनंती.' म्हणजे नाव सत्काराला जोडलं गेलं. व्याख्यानाला बोलावताना मग सूत्रसंचालकाने विषय आणि नाव पुन्हा घ्यायचं. तेवढी एक ओळ त्याला वेगळ्या कागदावर लिहून द्यावी.

दुरुस्त केलेला मसुदा

फोन आणि खुणा झाल्यावर त्याच मुलीने पुन्हा लिहिलेला परिचय असा झाला असता. टिंबांच्या जागी नाव समजा.

'अध्यक्ष महोदय आणि सगळ्यांना नमस्कार. मार्च लागला की आपल्या गावात एक प्रश्न दरवर्षी निघतो. बांधाला बांध लागून दोन विहिरी, मग एकीला पाणी आणि दुसरी कोरडी, असं का? आजच्या पाहुण्यांची सगळी नोकरी या प्रश्नापाशी गेली आहे. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करून त्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत रुजू झाल्या आणि तिथे त्यांनी ३१ वर्षं काम केलं. ठरलेल्या विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजायची, हे त्यांचं काम. बीड आणि लातूर जिल्ह्यांतल्या विहिरींवर त्या स्वतः टेप घेऊन जात. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा त्यांनी लातूर जिल्ह्यातल्या गावांत विहिरी मोजत काढला. निवृत्त झाल्यावरही टेप त्यांनी खाली ठेवलेली नाही. आपल्याच तालुक्यातल्या दोन गावांत शाळेची मुलं आज विहिरीची वही ठेवतात, ती मुलांना मॅडमनी शिकवली. नवी विहीर किंवा बोअर घ्यायच्या आधी आपण काय बघायला पाहिजे, हे आज त्या सांगणार आहेत. विषय आहे, आपल्या विहिरीचं पाणी येतं कुठून. आणि आपल्याशी बोलणार आहेत, ….'

आधीच्या मसुद्याइतकीच लांबी, दीड मिनिटात संपणारा. पुरस्कार गेले. ते आजच्या विषयाशी जोडलेले नव्हते, आणि जोडलेला एखादा असता तर तो नावासकट आणि वर्षासकट घेतला असता. 'विपुल लेखन' गेलं. शेतकरी कुटुंबातला जन्म मी काढला, पण यावर दुमत होऊ शकतं. पाहुण्या याच परिसरातल्या असत्या, तर गावाचं नाव घेऊन तो ठेवायला माझी हरकत नसती. गावाचं नाव नसलेलं 'सामान्य शेतकरी कुटुंब' मात्र नको.

लातूरच्या रेल्वेचा उल्लेख का ठेवला, असंही कुणी विचारेल. तो उन्हाळा समोरच्या प्रत्येकाने पाहिलाय. श्रोत्याच्या आठवणीतली एक गोष्ट पाहुण्यांच्या कामाशी जोडली की परिचयाचं निम्मं काम होतं. पण असा उल्लेख फोनवर पडताळूनच घालायचा. पाहुण्या त्या वर्षी दुसर्‍याच जिल्ह्यात असतील तर त्यांनाच व्याख्यानाच्या सुरुवातीला दुरुस्ती करावी लागते आणि मुलीचा चेहरा उतरतो.

शेवटची तपासणी

दुरुस्त मसुदा पाहुण्यांना पाठवा, किंवा फोनवर वाचून दाखवा. 'मॅडम, यात काही चूक असेल तर सांगा' एवढंच म्हणावं. 'कसा वाटला' असं विचारू नये, कारण मग त्या संकोचाने 'छान' म्हणतात आणि चूक तशीच राहते. वर्षं, पदं आणि गावांची नावं यांवर त्यांच्याकडून स्पष्ट होकार घ्यावा.

त्यानंतर कागद मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला, ओळींत अंतर ठेवून काढायचा. वाक्य पान उलटताना तुटणार नाही असं बघायचं. मोबाइलवरून वाचू नये, ऐन वेळी कुणाचा तरी फोन येतोच. पाहुण्यांचं नाव कागदाच्या वर आणि खाली, दोन्ही ठिकाणी लिहावं. शेवटच्या क्षणी नाव विसरणं सगळ्यात जास्त घडतं, कारण सगळं लक्ष आधीच्या वाक्यांवर असतं. मुलीने पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ करावं, मधलं वाचलं तरी चालतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन गोष्टी ऐन वेळी बदलू शकतात. प्रास्ताविकात गुरुजींनी विहिरींच्या वहीची गोष्ट सांगून टाकली, तर परिचयातलं ते वाक्य पेन्सिलीने कापायचं. त्याने परिचय अपुरा पडत नाही. आणि पाहुण्या पोचल्यावर म्हणाल्या की 'आज मी विहिरीपेक्षा पाणलोटावर बोलणार आहे', तर पहिला प्रश्न आणि शेवटची दोन वाक्यं बदलायची, मधल्याला हात लावायचा नाही. त्यासाठी पाहुण्या चहा घेत असताना मुलीने त्यांच्याजवळ जाऊन 'मॅडम, विषय तोच आहे ना?' असं विचारायचं आणि बदल त्याच कागदावर लिहून घ्यायचा.